‘दादाजी, आप पहले खा’ : हिंदीतली आज्ञा आणि मराठी कान

माझी भाची सहावीत आहे. तिच्या हिंदीच्या वहीत रिकाम्या जागा भरायच्या होत्या, त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं: ‘दादाजी, आप पहले ____ । (खाना)’. तिने तिथे ‘खा’ लिहिलं आणि बाईंनी लाल फुली मारली. पोरगी वही घेऊन माझ्याकडे भांडायला आली. ‘आजोबा, तुम्ही आधी खा. बरोबर तर आहे!’

मराठीत बरोबरच आहे, आणि गंमत तिथेच आहे. आपण ‘तू बस’ म्हणतो आणि ‘तुम्ही बसा’ म्हणतो. ‘तू ये’, ‘तुम्ही या’. ‘तू दे’, ‘तुम्ही द्या’. आदर क्रियापदावर दिसतो. पण ज्या धातूंच्या शेवटी आधीच ‘आ’ आहे, तिथे आदराचा ‘आ’ त्यात विरघळून जातो. तू खा, तुम्ही खा. तू जा, तुम्ही जा. तू गा, तुम्ही गा. रूप एकच, आणि कुणाला म्हणतोय ते फक्त सर्वनामावरून किंवा आवाजावरून कळतं. हिंदीला हे चालत नाही. तिथे ‘खा’ हे फक्त ‘तू’चं. ‘तुम’ असेल तर ‘खाओ’, ‘आप’ असेल तर ‘खाइए’. दादाजींना ‘आप’ म्हणून पुढे ‘खा’ म्हटलं, तर हिंदी कानाला ते ‘अहो आजोबा, खा ना रे’ असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. म्हणून भाचीला सांगितलं, जा आणि खा या दोघांवर डोळा ठेव, मराठी माणूस सगळ्यांत आधी तिथेच घसरतो.

रूपं बनवण्यात काही कठीण नाही. ‘बैठना’मधला ‘ना’ काढला की ‘बैठ’ उरतो. तोच ‘तू’ला: तू बैठ. त्याला ‘ओ’ लावला की ‘तुम’ला: तुम बैठो. ‘इए’ लावला की ‘आप’ला: आप बैठिए. सुन, सुनो, सुनिए. आ, आओ, आइए. हजारभर क्रियापदं याच वाटेने जातात. ‘बैठ जाना’, ‘रख देना’ अशी दोन क्रियापदं जोडून आली तर फक्त शेवटचं बदलतं, पहिलं जागचं हलत नाही: बैठ जा, बैठ जाओ, बैठ जाइए. मराठीत ‘पिऊन घे’चं ‘पिऊन घ्या’ होतं, तसंच.

अडवणारी क्रियापदं चारच, पण ती रोजची: करना, देना, लेना, पीना. यांचं ‘आप’चं रूप कीजिए, दीजिए, लीजिए, पीजिए असं होतं. मधे हा ‘ज’ कुठून आला असं मुलं विचारतात. ब्रज भाषेतल्या जुन्या पदांत कीजै, दीजै, लीजै ही रूपं सर्रास भेटतात. हा ‘ज’ त्याच घराण्यातला आहे आणि या चौघांनी तो अजून सोडलेला नाही. ‘तुम’ला देना-लेनाची रूपं आखूड होतात: दो, लो. ‘देओ’ नाही. पीना-छूनामधला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: पियो, छुओ, छुइए. ‘करिए’ हे रूप हिंदी मुलखात कानावर भरपूर पडतं आणि बोलताना कुणी टोकतही नाही, पण वहीत ‘कीजिए’च लिहावं.

एवढ्यावर प्रकरण संपलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. रूपं पाठ होतात. चूक होते ती ‘कुणाला काय’ यात, कारण आपल्या डोक्यात एक खोटी जोडी घट्ट बसलेली असते: मराठी ‘तुम्ही’ म्हणजे हिंदी ‘तुम’. ऐकायला सख्खी भावंडं वाटतात ना.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भोपाळला एका घरात खोली घेऊन राहत होतो. घरमालक सत्तरीचे, खाली अंगणात खुर्ची टाकून बसायचे. एकदा ते पाण्याचा हंडा उचलायला निघाले, तेव्हा मी धावत गेलो आणि अतिशय आदराने म्हणालो, ‘अंकल, तुम बैठो, मैं लाता हूँ।’ ते बसले. हंडा मी आणला. दारात उभी असलेली त्यांची सून मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘भैया, बाबूजी को तुम कौन कहता है?’ मी मनात ‘काका, तुम्ही बसा’ म्हणालो होतो. त्यांना ऐकू गेलं ते ‘काका, तू बस’ याच्या जवळपासचं.

मराठीत ‘तुम्ही’ दोन कामं करतो. एका माणसाला आदर द्यायचा असला तरी तुम्ही, आणि समोर चारजण असले तरी तुम्ही. हिंदीत ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे आहेत. एका माणसाचा आदर ‘आप’कडे गेला. ‘तुम’ क्रियापदाच्या हिशोबाने अनेकवचनीच आहे, ‘तुम हो’ म्हणतात, ‘तुम है’ नाही; पण एका माणसाला वापरला की तो बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाला जातो. मित्र, धाकटा भाऊ, वर्गातली मुलगी, हाताखालचा सहकारी, हे सगळे ‘तुम’. म्हणजे मराठीत आपण ज्यांना बिनदिक्कत ‘तू’ म्हणतो, त्यातले बरेचजण हिंदीत ‘तुम’च्या घरात राहतात.

मग हिंदी ‘तू’ कुणाला? लंगोटीयाराला, अगदी लहान पोराला, देवाला, आणि भांडण पेटलं की समोरच्याला. अनोळखी समवयस्काला ‘तू इधर आ’ म्हटलं तर तो तुमच्याकडे येईल, पण चांगल्या मनाने येणार नाही. मराठी ‘तू’ त्या मानाने फार मोकळा आहे. आपण आईला ‘तू’ म्हणतो, त्यात काही कमी होत नाही. हिंदी घरांत आईला तू, तुम, आप यातलं काहीही असू शकतं, घरागणिक फरक. लखनौ-भोपाळकडच्या कित्येक घरांत तर मोठी माणसंच लहान पोराशी ‘बेटा, इधर आइए’ असं बोलतात, म्हणजे पोराच्या जिभेला वळण लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जिचा वहीत उपयोग होतो. ‘तू’ला अनेकवचन नाही. एका पोराला ‘तू’ म्हणत असाल, तरी त्याच्या शेजारी दुसरं येऊन बसलं की दोघांना ‘तुम’. म्हणून ‘बच्चो, अपने-अपने बस्ते ____ । (खोलना)’ इथे ‘खोल’ येऊच शकत नाही. ‘खोलो’. (जाता जाता: हाक मारताना ‘बच्चो’, अनुस्वाराशिवाय. ‘बच्चों’ लिहिलेलं फळ्यावर सुद्धा पाहिलंय मी.)

आता रिकामी जागा भरताना कशाकडे बघायचं? तू, तुम, आप यातलं एखादं वाक्यात उघड असेल तर प्रश्नच नाही. भाचीच्या वहीत ‘तुम अपनी किताब मुझे ____ । (देना)’ होतं, तिथे ‘दो’. पण प्रश्न काढणारे एवढे दयाळू नसतात. पुढचं वाक्य बघा: ‘तेरी चाय ठंडी हो रही है, जल्दी ____ । (पी लेना)’. इथे सर्वनाम दिसत नाही असं ती म्हणाली. दिसतं की, ‘तेरी’मध्ये लपलंय. तेरा-तुझे असेल तर ‘तू’, तुम्हारा-तुम्हें असेल तर ‘तुम’, आपका-आपको असेल तर ‘आप’. म्हणून उत्तर ‘पी ले’. चाय जर ‘तुम्हारी’ असती तर ‘पी लो’, ‘आपकी’ असती तर ‘पी लीजिए’. वाक्यात दुसरं क्रियापद असेल तर तेही चुगली करतं: ‘थक गए हो तो ज़रा ____’ यातला ‘हो’ म्हणजे ‘तुम’, तिथे ‘थक गए हैं’ असतं तर ‘आप’.

फसवतो तो ‘अपना’. मराठी मूल ‘अपनी किताब’ वाचतं, त्याला ‘आपली’ ऐकू येतं, ‘आपली’वरून ‘आप’ सुचतं आणि ते ‘दीजिए’ लिहून मोकळं होतं. ‘अपना’ म्हणजे फक्त ‘स्वतःचा’. तो तिघांनाही लागतो: तू अपना काम कर, तुम अपना काम करो, आप अपना काम कीजिए. त्याच्याकडून काहीच कळत नाही, त्याच्यावरून नजर तशीच पुढे न्यायची.

दुसरा फसवा शब्द ‘अरे’. आपल्याकडे अरे, अगं, अहो यांनीच निम्मं काम होतं. ‘अरे’ अशी हाक मारली की समोर ‘तू’च, ‘अहो’ म्हटलं की पुढे ‘या, बसा’. हिंदी ‘अरे’ला हे नातं माहीत नाही, तो निव्वळ आश्चर्याचा किंवा लक्ष वेधण्याचा उद्गार आहे, आणि बाईलाही तोच चालतो. ‘अरे डॉक्टर साहब, अंदर ____ । (आना)’ या वाक्यात भाचीने ‘अरे’ पाहून ‘आ’ लिहिलं होतं. ‘साहब’ तिला दिसलाच नाही. उत्तर ‘आइए’. साहब, जी, महोदय, कृपया, यातलं एक जरी वाक्यात असेल तर ‘अरे’कडे दुर्लक्ष करायचं.

नकाराचं वेगळंच. मराठीत आज्ञा नाकारायची तर सगळा भार ‘नको’ उचलतो: करू नकोस, करू नका. ‘करू’ तसाच राहतो. हिंदीत उलटं. ‘मत’ कुणासाठीही बदलत नाही, त्यामुळे आदर दाखवण्याचं काम मुख्य क्रियापदालाच करावं लागतं: मत कर, मत करो, मत कीजिए. मराठी डोकं ‘मत’पाशी येऊन थांबतं, त्याला वाटतं नकार झाला, संपलं, आणि पुढे हाताला येईल ते रूप बसवून टाकतं. ‘भाई साहब, यहाँ गाड़ी खड़ी मत कर’ अशी वाक्यं त्यातून जन्मतात. ‘आप’सोबत व्याकरणाच्या पुस्तकांना ‘मत’पेक्षा ‘न’ जास्त आवडतो, ‘यहाँ न बैठिए’. बोलण्यात ‘मत बैठिए’ पुष्कळ ऐकू येतं.

आता ते वाक्य, ज्यात भाचीच काय, तिची आईही चुकली. ‘भाभी जी, कल स्टेशन पहुँचकर मुझे फ़ोन ____ । (करना)’. भाभी जी म्हणजे ‘आप’, म्हणून दोघींनी ‘कीजिए’ लिहिलं. अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण हिंदी माणूस तिथे ‘कीजिएगा’ म्हणेल. हिंदीत आत्ताची आज्ञा आणि नंतरची आज्ञा यांत फरक करतात. आत्ता, इथे, माझ्यासमोर: करो, कीजिए. उद्या, तिथे गेल्यावर, मी समोर नसताना: ‘तू’ आणि ‘तुम’ दोघांनाही ‘करना’, ‘आप’ला ‘कीजिएगा’. म्हणजे मुलाला दारात निरोप देताना आई ‘सँभलकर जाना, पहुँचकर फ़ोन करना’ म्हणते. हे ‘जाना’, ‘करना’ शब्दकोशात असतात तसे मूळ रूपातच येतात, त्यामुळे आपल्याला ते अर्धवट वाक्य वाटतं. ते अर्धवट नाही, तीच आज्ञा. मराठीत याच्या जवळ जाणारं आपलं ‘करशील’ आहे: ‘पोचलास की फोन करशील, बरं का.’ तोच सूर, थोडा पुढचा, थोडा मऊ. फक्त आपण तो हवा तर वापरतो, नाहीतर ‘फोन कर’ म्हणून भागवतो. हिंदीत ‘पहुँचकर फ़ोन कर’ कानाला खडबडीत लागतं. म्हणून रिकाम्या जागेच्या आजूबाजूला कल, बाद में, पहुँचकर, शाम को असं काही दिसलं की आधी ‘ना’ आणि ‘इएगा’ आठवायचे.

आणखी एक रूप आहे, जे आपण मुंबईत लोकलच्या फलाटावर ऐकत आलोय आणि तरी वहीत ओळखत नाही. ‘यात्रीगण कृपया ध्यान दें।’ हे ‘दें’ म्हणजे ना दो, ना दीजिए. त्याच उद्घोषणेचं मराठी आठवा: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ बरोबर, हिंदी ‘दें’ आणि मराठी ‘द्यावे’ एकाच जागी उभे आहेत. समोर एक माणूस नाही, गर्दी आहे, बोलणारा कुणी व्यक्ती नाही, फलक किंवा यंत्रणा आहे. ‘शांति बनाए रखें’, ‘जूते बाहर उतारें’, ‘फ़ॉर्म साफ़ अक्षरों में भरें’. परीक्षेत सूचना किंवा फलक असा उल्लेख असेल तर ‘एँ/एं’चं हे रूप शोभून दिसतं, ‘इए’ही चुकीचं नाही.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर एक कबुली द्यायला हवी. आपल्याकडे, आणि दिल्लीकडेही, लोक ‘आप बैठो’, ‘आप बताओ’ सर्रास म्हणतात. सर्वनाम वरच्या पायरीवर, क्रियापद एक पायरी खाली. रिक्षावाला म्हणतो, दुकानदार म्हणतो, मीही म्हणतो. त्यात अपमान नसतो. आदर ‘आप’मध्ये येऊन गेला, आता क्रियापदाने जरा घरगुती व्हायला हरकत नाही, असा तो हिशोब आहे. उलट बाजूने मात्र हा सौदा होत नाही. ‘तुम बैठिए’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल. त्यामुळे बोलताना ‘आप बैठो’ने कुणी मरत नाही, पण रिकाम्या जागेत सर्वनाम ‘आप’ छापलेलं असेल तर ‘बैठिए’च लिहायचं. बाई भोपाळच्या असल्या तर जास्तच.

शब्दांच्याही दोन खोड्या सांगून ठेवतो. आपला ‘बस’ हिंदीत गेला की ‘बसो’ होतो आणि ‘वस्ती करा’ असा अर्थ देतो. नुसता ‘बस’ म्हटलं तर ‘पुरे’. पाहुण्याला ‘बसिए’ म्हणून त्याला कायमचा मुक्काम देऊ नका, ‘बैठिए’ म्हणा. आणि ‘थांबा’साठी ‘रुकिए’, ‘सांगा’साठी ‘बताइए’. ‘बोलिए’ म्हणजे नुसतं तोंड उघडून बोला. पत्ता विचारताना ‘बोलिए’ नाही, ‘बताइए’.

शेवटचं वाक्य उरलं होतं: ‘माँ ने राजू से कहा, “बेटा, दूध ____ ।” (पी लेना)’. भाचीने ‘पी लो’ लिहिलं होतं. बाईंनी फुली मारून ‘पी ले’ केलं होतं. मी दोनदा वाचलं. तेरा नाही, तुम्हारा नाही, हो-हैं नाही, यार नाही, जी नाही. ‘बेटा’ तर तिन्ही रूपांसोबत बसतो. राजूच्या घरी आई त्याच्याशी कसं बोलते, हे प्रश्नात कुठेच नाही. राजू लखनौचा असेल तर ‘पी लीजिए’सुद्धा बरोबर.

‘म्हणजे मी बरोबर?’ भाची.

‘तूही बरोबर, बाईही बरोबर. प्रश्न चुकलाय.’

तिने पेन्सिल घेतली, फुलीच्या शेजारी बारीक अक्षरात ‘पी ले / पी लो / पी लीजिए’ लिहिलं आणि खाली बाईंसाठी एक चिठ्ठी: ‘मैडम, कृपया फिर से ____’. तिथे ती थांबली. ‘मामा, इथे देखो, देखिए, का देखें?’

मी म्हटलं, ‘बाई उद्या वह्या घरी नेऊन तपासणार आहेत ना? तू समोर नसशील.’

तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘देखिएगा’.